हो म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

नव्या ग्राहकाबरोबरची पहिली बैठक बहुतेक वेळा छान होते. चहा होतो, माना डोलतात, 'झालंच समजा' असं कोणीतरी म्हणतं आणि मंडळी उठतात. भांडणाचं बी पडतं ते याच बैठकीत, कारण समोर बसलेल्या सहा जणांनी सहा वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात. म्हणून बैठकीनंतर चोवीस तासांच्या आत ग्राहकाला एक पत्र जायला हवं. त्याला कोणी कामारंभाचं पत्र म्हणतं, कोणी नुसतंच 'किकऑफचा मेल'. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे त्याचं काम नव्हे. कोण काय बोललं हे त्यात नसलं तरी चालतं. आता कोणी काय करायचं, कुठे बोलायचं, पहिलं काम हातात कधी पडणार आणि ते पाहून 'हो' किंवा 'नाही' कोण आणि कधीपर्यंत म्हणणार, एवढंच त्यात हवं.

एक नमुन्याचं काम घेऊ. पुण्यातली सहा-सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी आणि नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष निर्यातदार. निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये हंगामात रोज शेतकऱ्यांच्या गाड्या येतात. क्रेट उतरतात, वजन होतं, माल निवडून पनेटमध्ये भरला जातो, प्री-कूलिंगमधून शीतगृहात जातो आणि शेवटी पॅलेट कंटेनरमध्ये चढतं. युरोपात जाणाऱ्या प्रत्येक पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता यावा लागतो. त्यासाठी अपेडाची ग्रेपनेट ही व्यवस्था आहे आणि तीत प्रत्येक निर्यातक्षम बागेचा नोंदणी क्रमांक असतो. निर्यातदाराला हवंय ते इतकंच की आवकेच्या दारात हा क्रमांक एकदा नोंदला की तो पॅलेटच्या लेबलपर्यंत आपोआप पोचावा. सध्या तो वहीतून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून लेबलवर हाताने उतरवला जातो. बैठक झाली सोमवारी, 4 ऑगस्ट 2025 ला. पत्र जायचंय मंगळवारी, 5 तारखेला.

पत्र बैठकीनंतर लिहायला बसू नये. निम्मं पत्र बैठकीच्या आधीच तयार ठेवावं, नावांच्या आणि तारखांच्या जागा रिकाम्या सोडून. बैठकीत मग कोणत्या रिकाम्या जागा भरून घ्यायच्या आहेत हे डोळ्यांसमोर राहतं. जी जागा बैठकीतही भरली गेली नाही, तिथेच पुढे काम अडणार हे बहुधा ठरलेलं असतं.

पहिली रिकामी जागा माणसांची. बैठकीला ग्राहकाकडून पाच जण होते: मालक, त्यांचा नुकताच एमबीए करून आलेला मुलगा, पॅकहाऊसचे व्यवस्थापक, अकाउंटंट आणि संगणक-नेटवर्क पाहणारे बाहेरचे सल्लागार. पत्रात या पाचांची नावं आणि हुद्दे ओळीने लिहिणं सोपं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक नावापुढे ते काय ठरवू शकतात हे यायला हवं. माझ्या मते इथे एकच गोष्ट खरी महत्त्वाची असते: शेवटचा होकार एकाच माणसाचा असावा. बाकीच्यांनी मत द्यावं, माहिती द्यावी, चाचणीला बसावं. पत्रात ते असं येईल:

'कामाच्या प्रत्येक टप्प्याला मंजुरी आपण स्वतः (मालक) द्याल. पॅकहाऊसचे व्यवस्थापक सर्व शेरे एकत्र करून आम्हाला एकाच मेलमध्ये कळवतील. अकाउंटंटसाहेब वजन आणि दराच्या हिशेबापुरते तपासतील. नेटवर्क सल्लागार वजनकाटा आणि प्रिंटर जोडण्यात मदत करतील. आपण बागेत किंवा बाहेरगावी असाल त्या काळात मंजुरी चिरंजीवांनी दिली तर ती आपलीच मानायची का, हे कृपया कळवावे.'

शेवटचं वाक्य मुद्दाम प्रश्नाच्या रूपात आहे. बापलेकांच्या अधिकाराची वाटणी आपण पत्रातून करायची नसते, पण ती न करताच काम सुरू केलं तर ऑक्टोबरमध्ये अडकायला होतं. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर नाशिककडे गोडी छाटणी चालते. मालक दिवसभर बागांमधून फिरत असतात आणि फोन उचलला तरी लॅपटॉप उघडत नाहीत. त्या वेळी मुलाने 'हो' म्हटलं आणि आठ दिवसांनी वडिलांनी 'हे कोणी ठरवलं?' असं विचारलं, तर दोष कोणाचाच नसतो आणि नुकसान मात्र आपलं होतं.

आणखी एक माणूस असतो, जो बैठकीला कधीच नसतो. आवकेच्या दारात काट्यापाशी उभा राहून वजन घेणारा. पहाटेपासून गाड्यांची रांग लागते, हात ओले असतात आणि मागचा चालक हॉर्न वाजवत असतो. नवी व्यवस्था चालणार की पंधरा दिवसांत पुन्हा वही बाहेर निघणार, हे त्याच्या हातात असतं. त्याचं नाव पत्रात मागून घ्यावं आणि पहिल्या चाचणीला तो हजर राहील असं लिहावं. व्यवस्थापक म्हणतील, 'त्याला काय विचारायचं, मी सांगतो ना.' तरीही आग्रह सोडू नये.

माणसं चुकीची निवडली गेली आहेत हे ओळखता येतं का? येतं, आणि लवकर येतं. पहिल्याच नमुन्यावर आलेले शेरे वाचावेत. सगळे शेरे रंग, लोगो आणि अक्षरांच्या आकाराबद्दल असतील, आणि क्रेटचं रिकामं वजन वजा कसं होणार किंवा एका गाडीत दोन बागांचा माल आला तर काय, असं कोणीच विचारलेलं नसेल, तर ते पॅकहाऊसमध्ये रोज काम करणाऱ्याने पाहिलेलं नाही. दुसरी खूण म्हणजे मेलच्या प्रतीत अचानक उगवणारं नवं नाव. तिसऱ्या आठवड्यात एखादे 'आमचे जुने सल्लागार' प्रतीत दिसले, की त्यांची भूमिका त्याच दिवशी विचारून घ्यावी. ते नुसते वाचणार आहेत की त्यांचाही होकार लागणार आहे?

आता बोलणं कुठे करायचं. पत्रात कितीही गंभीरपणे 'सर्व संवाद ईमेलवर' असं लिहिलं तरी बैठक संपायच्या आत कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलेला असतो. त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. पॅकहाऊसच्या व्यवस्थापकाला काट्याचा फोटो पाठवायचा असेल तर तो तिथूनच पाठवणार, आणि ते बरंही आहे. पत्राने फक्त एक कुंपण घालावं: ग्रुपवर बोलणं होईल, निर्णय होणार नाही. ग्रुपवर किंवा फोनवर काही ठरलं तर आमची प्रकल्पप्रमुख त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवेल आणि तो मेल गेला तरच ते ठरलं असं समजावं. मेलचा विषय ठरावीक असावा, उदाहरणार्थ 'आवक प्रणाली – निर्णय – क्रेटचे रिकामे वजन', म्हणजे सहा महिन्यांनीही शोधता येतो. व्हॉइस नोटचं वेगळं सांगायला हवं. सव्वातीन मिनिटांच्या नोटमध्ये दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर आलेली मागणी पुढे कोणालाच सापडत नाही. ती ज्याने ऐकली त्याने लिहून काढावी, हाच नियम.

अंगठ्याचंही एकदा ठरवून टाकावं. कोणी ग्रुपवर नमुना टाकतो, मालक खाली अंगठा उमटवतात. 'पाहिलं' म्हणून की 'मंजूर' म्हणून? हा प्रश्न कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात थेट न्यायालयात गेला. धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने 2021 मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवून पुष्टी मागितली. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. पुढे जवसाचे भाव चढले आणि माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे नुसतं 'मिळालं'. न्यायालयाने 2023 मध्ये तो करार मान्य केल्याची खूण धरला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. याच दोघांमध्ये आधीचे व्यवहार 'ओके', 'यप' अशा एका शब्दाच्या उत्तरांवर पार पडले होते, हे त्या निकालात निर्णायक ठरलं. हा निकाल भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातली मेख आपल्याही उपयोगाची आहे: दोघांमध्ये जी रीत पडते ती पुढे अर्थ ठरवते. म्हणून रीत पहिल्याच पत्रात पाडावी. 'ग्रुपवरील अंगठा किंवा ओके ही पोच समजली जाईल, मंजुरी नाही', एवढं वाक्य पुरतं.

मेलला किंमत आहे का, असंही काही जण विचारतात. आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10-अ प्रमाणे, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्प्रभ ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्ता या 2010 मधल्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने, रीतसर सहीचा कागद झाला नसतानाही, मेलवर झालेला बॉक्साइटच्या पुरवठ्याचा करार पक्का मानला. तेव्हा कामारंभाचं पत्र लिहिताना हात थोडा जपून चालवावा. बैठकीत उत्साहाच्या भरात 'मोबाइल अ‍ॅपही देऊन टाकू' असं कोणी बोललं असेल आणि ते कामाच्या आदेशात नसेल, तर पत्रात शिरताना ते मोफत वचन होऊन बसतं. असल्या गोष्टींसाठी शेवटी एक ओळ ठेवावी: 'बैठकीत निघालेले पण सध्याच्या कामात नसलेले विषय: मोबाइल अ‍ॅप, शेतकऱ्यांना एसएमएस.'

पहिली कामं निवडताना मोह आवरावा लागतो. ग्राहकावर छाप पाडायची म्हणून पहिल्या महिन्यात डॅशबोर्ड दाखवायची हौस पुष्कळांना असते. आपल्या नमुन्यात पहिली तीन कामं मी अशी धरेन. एक, पॅकहाऊसमध्ये माल आज प्रत्यक्ष कसा फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी कोण काय लिहितो, याचा चार-पाच पानी आराखडा, 19 ऑगस्टला. दोन, आवक आणि वजनाच्या पडद्यांचा नमुना, मागे यंत्रणा नसलेला पण बोटाने पुढे सरकवता येणारा, 9 सप्टेंबरला. तीन, एका काट्यावर खरोखर चालणारी आवक नोंद, 6 ऑक्टोबरला. पहिलं काम कागदी आणि रुक्ष वाटतं, पण चूक इथे सापडली तर ती पेनाने दुरुस्त होते.

प्रत्येक कामापुढे ते 'झालं' कधी म्हणायचं हेही लिहावं लागतं. तिसऱ्या कामासाठी पत्रातला मजकूर असा:

'एका गाडीत दोन बागांचा माल असताना दोन्ही नोंदणी क्रमांकांखाली क्रेट आणि निव्वळ वजन वेगवेगळे नोंदले जाईल. पावती छापून मिळेल. इंटरनेट बंद असतानाही नोंद होईल आणि ते सुरू झाल्यावर आपोआप वर जाईल. या तीन गोष्टी आपल्या काट्यावर, आपल्या कर्मचाऱ्याच्या हाताने करून पाहिल्या की हे काम पूर्ण समजावे.'

'वापरायला सोपी आणि वेगवान आवक प्रणाली' असं लिहिलं असतं तर ते वाचायला जास्त गोड वाटलं असतं. मग ती सोपी आहे की नाही यावर डिसेंबरमध्ये वाद घालत बसावं लागलं असतं, आणि जानेवारीत काढणी सुरू होते.

ग्राहकाकडून काय हवं आणि कधी, हेही याच ठिकाणी यावं. काट्याचं मॉडेल आणि तो संगणकाला जोडायची केबल कोणती, गेल्या हंगामातल्या आठ-दहा दिवसांच्या आवक वहीच्या पानांचे फोटो, रिकाम्या क्रेटच्या प्रकारांची वजनं: हे सगळं 11 ऑगस्टपर्यंत. ते उशिरा मिळालं तर आमची तारीख तेवढेच दिवस पुढे जाईल, असं सरळ लिहावं. संकोचाने ही ओळ गाळणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पुढे तेच लोक 'पण तुमचाच डेटा यायचा होता' हे तोंडी सांगताना जास्त कडू होतात.

उरल्या तपासणीच्या तारखा. माझ्या मते पत्राचा हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. बहुतेक पत्रांत आपण काम कधी देणार त्या तारखा असतात, पण ग्राहक उत्तर कधी देणार त्या नसतात. मग वेळापत्रकाचा निम्मा भाग कोणाच्याच ताब्यात राहत नाही. प्रत्येक कामाला दोन तारखा लावाव्यात: देण्याची आणि शेरे येण्याची. तपासणीला पाच कामाचे दिवस धरू. मग 19 ऑगस्टच्या आराखड्यावरचे शेरे 26 ऑगस्टपर्यंत, 9 सप्टेंबरच्या नमुन्यावरचे 16 सप्टेंबरपर्यंत आणि 6 ऑक्टोबरच्या कामावरचे 13 ऑक्टोबरपर्यंत.

या तारखा कॅलेंडरवर ठेवून पाहिल्या की त्यांचा स्वभाव कळतो. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. 26 ही तारीख कागदावर ठीक दिसते, पण आदल्या दिवशी संध्याकाळी कोणी आराखडा वाचत बसणार नाही. तेव्हा 26 ला सकाळी अकरा वाजता अर्ध्या तासाचा कॉल आधीच लावून ठेवावा आणि शेरे तोंडी घेऊन आपणच लिहून पाठवावेत. 2 ऑक्टोबरला दसरा आहे, त्यामुळे 6 तारखेच्या कामाच्या आधीचा आठवडा आपल्याकडेच तुटका आहे. आणि 13 ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गर्दीत येतो. वर विचारलेला चिरंजीवांचा प्रश्न इथे उपयोगी पडतो. शिवाय 'कामाचे दिवस' म्हणजे कोणते? पुण्याचं ऑफिस शनिवारी बंद, पॅकहाऊस शनिवारी चालू. पत्रात 'सोमवार ते शुक्रवार, सार्वजनिक सुट्ट्या वगळून' असं लिहिलं नाही, तर पाच दिवसांचे दोघांकडे दोन हिशेब होतात. पण माझा सल्ला याहून साधा आहे: दिवस मोजायला लावू नका, तारीख आणि वार लिहा.

शेरे आलेच नाहीत तर? इथे अनेक जण पत्रात एक वाक्य घुसवतात: 'पाच दिवसांत उत्तर न आल्यास काम मंजूर समजले जाईल.' ते जितकं भक्कम वाटतं तितकं नसतं. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे होकार निःसंदिग्ध असावा लागतो आणि तो कोणत्या तरी रीतीने व्यक्त व्हावा लागतो. एकाने स्वतःच 'तू गप्प बसलास तर तुझा होकार' असं लिहून दुसऱ्यावर बंधन येत नाही. ही अट दोघांनी सही केलेल्या कामाच्या आदेशात किंवा करारात असेल तर पत्रात त्या कलमाचा क्रमांक देऊन आठवण करावी. नसेल तर ती करारात घालून घ्यावी. ते होईपर्यंत पत्रात एवढंच लिहावं की उत्तर येईपर्यंत पुढचा टप्पा सुरू होणार नाही आणि तारखा सरकतील. यात धमकी नाही, आणि कोणाच्या संमतीची गरजही नाही.

लहान कंपन्यांना कायद्याचा वेगळा आधार आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर एमएसएमई विकास कायदा, 2006 लागू होतो. माल किंवा सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर दिल्याच्या दिवशीच ती स्वीकारली असं हा कायदा धरतो. पैसे देण्याची मुदत त्या स्वीकृतीपासून मोजली जाते आणि दोघांनी काहीही ठरवलं तरी ती 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी हरकत आली असेल, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणूनच 6 ऑक्टोबरला काम दिल्याचा मेल तारखेसह जायला हवा, आणि हरकती फोनवर न घेता लेखी मागायला हव्यात. त्यात ग्राहकाचाही फायदा आहे, कारण फोनवरची हरकत कायद्याच्या हिशेबात त्याच्याही बाजूने उभी राहत नाही. कामारंभाच्या पत्रात कायद्याचं नाव घेऊ नये, सुरुवातीलाच तोंड वाकडं होतं. तारखांची रचना मात्र त्याला धरून असावी.

एवढं सगळं दीड पानात बसतं. त्याहून लांब झालं तर मालक ते छाटणीनंतर वाचतील. मायना साधा, 'स.न.वि.वि.' चालतो. पत्र विक्री करणाऱ्याने न पाठवता पुढे जो रोज काम पाहणार आहे त्याने पाठवावं, म्हणजे पहिलं उत्तर त्याच्याकडे येतं. 'प्रति'मध्ये फक्त मंजुरी देणारा आणि शेरे गोळा करणारा, बाकी सगळे प्रतीत. आणि शेवटी एकच मागणी: 'वरील नावे, तारखा आणि पद्धत आपणांस मान्य असल्याचे शुक्रवार, 8 ऑगस्टपर्यंत या मेलच्या उत्तरात कळवावे, काही बदल असल्यास त्याच मेलमध्ये सुचवावेत.' 'काही शंका असल्यास कळवा' असं लिहिलं की उत्तर येत नाही, कारण शंका नसलेल्याला काही करायचंच नसतं.

उत्तर बहुधा बदलांसह येतं. समजा मालकांनी लिहिलं: 'सगळं ठीक. 13 ऑक्टोबर जमणार नाही, 17 करा. मुलाने हो म्हटलं तरी चालेल, फक्त दराचं मला विचारा.' दोन ओळी आहेत, पण तीन निर्णय आहेत. 17 ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या तोंडाशी, तेव्हा नोव्हेंबरमध्ये रिकाम्या क्रेटवर घ्यायची चाचणी चार दिवस पुढे जाते का ते पाहावं. मुलाचा अधिकार दर सोडून बाकी सगळ्याला, हे नावांच्या परिच्छेदात घालावं. आणि दर कुठे कुठे येतो याची अकाउंटंटकडून यादी करून घ्यावी, कारण आवकेच्या पावतीवरही तो छापला जातो. मग दुरुस्त पत्र त्याच दिवशी, 'सुधारित' असा शब्द आणि तारीख घालून, त्याच मेलच्या उत्तरात पुन्हा सगळ्यांना जातं. काट्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची प्रत व्यवस्थापकांनी छापून द्यायची असते. ती दिली का, हे 19 ऑगस्टला पॅकहाऊसवर गेल्यावर त्यालाच विचारावं.